नाट्यात्म एकभाषित कसे वाचावे: 'माय लास्ट डचेस'च्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटकातले स्वगत आणि नाट्यात्म एकभाषित यांत फरक काय?

नाटकातल्या स्वगतात पात्र रंगमंचावर एकटे असते, किंवा ते एकटे आहे असे आपण धरून चालतो, आणि म्हणून त्याच्या तोंडचे शब्द हे त्याच्या मनातलेच शब्द मानले जातात. नाट्यात्म एकभाषित ही मात्र एकाच पात्राच्या तोंडी असलेली कविता असते आणि तिच्यात समोर कोणीतरी बसलेले असते. ती व्यक्ती कवितेत एक शब्दही बोलत नाही, तरी बोलणाऱ्याला तिच्याकडून काहीतरी हवे असते: होकार, पैसे, कौतुक, क्षमा किंवा निदान धाक. त्यामुळे या कवितेतला माणूस मन मोकळे करत नसून आपली बाजू मांडत असतो, आणि बाजू मांडणारा माणूस जे सांगायचे ठरवून बसलेला असतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक सांगून जातो. या अधिकच्या भागातच त्याचा स्वभाव सापडतो.

मराठी वाचकाला ही रीत अगदी परकी नाही. भा. रा. तांबे यांच्या ज्या कवितांना नाट्यगीते म्हटले जाते, त्यांतही कवी बाजूला राहून एका विशिष्ट प्रसंगातल्या व्यक्तीला बोलायला लावतो. तिथे मात्र आपण बहुधा त्या व्यक्तीच्या भावनेबरोबर वाहत जातो. इथे ज्या प्रकाराबद्दल लिहिले आहे, त्यात वाहत जाता जाता थांबून शंका घ्यावी लागते.

ही वाचनाची पद्धत समजण्यासाठी कोणती कविता घ्यावी?

इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांची 'माय लास्ट डचेस' ही कविता घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ती 1842 साली 'ड्रॅमॅटिक लिरिक्स' या संग्रहात प्रसिद्ध झाली. तिच्या अवघ्या 56 ओळी आहेत आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या तोंडी आहेत. शीर्षकाखाली 'फेरारा' एवढे एकच नाव दिलेले आहे, त्यामुळे आपण उत्तर इटलीतल्या त्या नगरीत आहोत हे कळते. बाकी सर्व बोलण्यातूनच गोळा करावे लागते.

प्रसंग असा आहे. फेराराचा ड्यूक आपल्या वाड्यात एका पाहुण्याला भिंतीवरचे चित्र दाखवत आहे. चित्र त्याच्या आधीच्या पत्नीचे, म्हणजे शीर्षकातल्या डचेसचे आहे आणि ती जणू जिवंत असल्यासारखी दिसते, असे तो म्हणतो. चित्रावर एक पडदा आहे आणि तो बाजूला सारण्याचा अधिकार ड्यूकने फक्त स्वतःकडे ठेवला आहे. पाहुण्याला बसवून तो त्या स्त्रीच्या चेहऱ्यावरच्या लालीबद्दल बोलू लागतो, मग तिच्या स्वभावातला दोष सांगतो, मग आपण काही हुकूम दिले आणि त्यासरशी सारी हास्ये थांबली, असे एका वाक्यात सांगून टाकतो. लगेच तो पाहुण्याला उठायची विनंती करतो, खाली मंडळी वाट पाहत आहेत असे सुचवतो, हुंड्याचा विषय काढतो आणि जाता जाता एका ब्राँझच्या शिल्पाकडे लक्ष वेधतो. हा पाहुणा एका काउंटचा दूत आहे आणि त्या काउंटच्या मुलीशी ड्यूकला लग्न करायचे आहे, हे आपल्याला अखेरच्या दहा ओळींत कळते.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

पहिले वाचन नुसते समजण्यासाठी करावे. दुसऱ्या वाचनाआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: ऐकणारा कोण आहे, बोलणे कुठे चालले आहे आणि बोलणारा कशासाठी बोलत आहे. या कवितेत तिन्हींची उत्तरे उशिरा मिळतात, आणि नेमके म्हणूनच दुसरे वाचन पहिल्यापेक्षा अगदी वेगळे होते. पहिल्या वेळी आपण ज्याला कलेच्या शौकाच्या गप्पा समजलो होतो, त्या आता लग्नाच्या बोलणीतला एक भाग म्हणून ऐकू येतात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे: या कामासाठी इतके बोलायची गरज होती का? ड्यूकचे काम हुंडा ठरवण्याचे आहे. ते त्याने जेमतेम पाच-सहा ओळींत उरकले आहे, आणि तेही आधी झालेल्या बोलण्याची पुन्हा आठवण करून देण्यापुरते. उरलेल्या बहुतेक ओळी त्याने त्या स्त्रीवर खर्च केल्या आहेत जिचे नाव नव्या सासुरवाडीच्या माणसापुढे काढणे त्याच्या सोयीचे नव्हते. कामाला जेवढे शब्द लागतात आणि प्रत्यक्षात जेवढे वापरले जातात, यांच्यातले अंतर मोजण्याची सवय लावून घ्यावी. जिथे हे अंतर मोठे असते, तिथे बोलणाऱ्याला स्वतःलाही न आवरणारे काहीतरी असते.

बोलणाऱ्याच्या तोंडून नकळत काय निसटले, हे नेमके कसे ओळखायचे?

उलटतपासणी घेणारा वकील साक्षीदाराचे मत आणि त्याने पाहिलेली गोष्ट वेगळी करतो, तसे इथे करावे लागते. बोलणारा दुसऱ्याबद्दल जो निकाल देतो तो एका बाजूला लिहावा आणि त्या निकालासाठी तो जी उदाहरणे देतो ती दुसऱ्या बाजूला लिहावीत. उदाहरणे लिहिताना त्याची विशेषणे गाळावीत. मग पाहावे की उरलेल्या उदाहरणांवरून आपण त्याच निकालाला आलो असतो का.

ड्यूकचा निकाल असा आहे की तिचे मन फार लवकर खूश व्हायचे, तिला जे दिसेल ते आवडायचे आणि तिची नजर सगळीकडे जायची. हे शब्द तो अशा बेताने निवडतो की ऐकणाऱ्याच्या मनात पातिव्रत्याविषयी शंका यावी. तिच्या गालावर आनंदाची लाली यायला केवळ नवराच समोर असावा लागत नसे, असेही तो सुचवतो. आता त्याने दिलेली उदाहरणे पाहावीत. ती चार आहेत: ड्यूकने दिलेली आणि तिने छातीशी मिरवलेली भेट, पश्चिमेला मावळणारा दिवसाचा उजेड, बागेतून कोणीतरी तिच्यासाठी तोडून आणलेली चेरीची फांदी आणि ती जिच्यावर बसून गच्चीभोवती फेरी मारी ती पांढरी खेचर. या प्रत्येकासाठी तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघे किंवा निदान चेहऱ्यावर लाली तरी येई, असे तो म्हणतो.

फांदी आणणाऱ्याला तो 'आगाऊ मूर्ख' म्हणतो. हे विशेषण काढून टाकले तर उरतो तो केवळ एक माणूस, ज्याने बागेत चेरी पाहिल्या आणि बाईसाहेबांना नेऊन दिल्या. संपूर्ण यादीत प्रियकर नाही, गुप्त भेट नाही, खोटे बोलणे नाही. सूर्यास्त पाहून आनंदणारी आणि नोकरचाकरांचे आभार मानणारी एक तरुण मुलगी आहे. तिच्यावर दोषारोप करायला निघालेला माणूस स्वतःच तिच्या निर्दोषपणाचे सारे पुरावे आपल्या हातात देतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण त्याच्या दृष्टीने हीच उदाहरणे तिचा गुन्हा सिद्ध करतात.

यादीनंतर खरी तक्रार येते. त्याने तिला नऊशे वर्षांचे नाव दिले होते, आणि तिने त्या देणगीला कोणाच्याही देणगीच्या पंगतीत बसवले. म्हणजे ज्याला तो तिच्या चारित्र्यातला दोष म्हणून मांडत होता, तो त्याच्या घराण्याच्या प्रतिष्ठेला लागलेला धक्का होता. इथे आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यासाठी हे सगळे सारखेच होते, असे तो चिडून सांगतो, पण आपली भेट, सूर्यास्त, चेरी आणि खेचर यांना एका ओळीत ओवणारे वाक्य त्याने स्वतः रचले आहे. तिने त्याच्या देणगीला कमी लेखले याचा दुसरा कोणताही पुरावा तो देऊ शकत नाही.

स्वतःबद्दल बोलणाऱ्याने केलेल्या विधानांवर किती विश्वास ठेवावा?

अशी विधाने खोटी आहेत असे गृहीत धरू नये, परंतु प्रत्येक विधान त्याच्याच वागण्याशी लावून पाहावे. ड्यूक म्हणतो की आपल्याला बोलण्याचे कौशल्य नाही, म्हणून पत्नीला तिचा दोष नीट समजावून सांगता आला नसता. हे वाक्य ज्या भाषणात येते, त्यात तो हवा तिथे थांबतो, जणू शब्द सुचत नाही असे दाखवून नेमका शब्द काढतो, चित्रकार तिला काय म्हणाला असेल याची नक्कल करून दाखवतो आणि समोरच्याला बोलायची एकही संधी देत नाही. बोलण्याचे कौशल्य त्याच्याकडे भरपूर आहे. मग त्याने तिला सांगितले का नाही?

याचे उत्तर तो लगेच स्वतःच देतो. तुझ्यातली अमुक गोष्ट मला किळसवाणी वाटते, इथे तू कमी पडतेस, तिथे मर्यादा ओलांडतेस, असे सांगता आले असते आणि तिने सबबी न सांगता, उलट उत्तर न देता ते ऐकूनही घेतले असते, तरी त्यात थोडे का होईना खाली वाकणे झाले असते. आणि मी कधीही वाकायचे नाही असे ठरवले आहे, असे तो म्हणतो. हे वाक्य सावकाश वाचावे. यातून निघणारी गोष्ट त्याने सांगायची ठरवली होती त्याहून फार भयंकर आहे. त्याने तिला काहीच सांगितले नाही. तिने ऐकले असते ही शक्यता त्याच्या मनात होती, तरीही त्याने सांगितले नाही. म्हणजे आपल्या कोणत्या वागण्याची शिक्षा आपल्याला होत आहे, हे तिला बहुधा शेवटपर्यंत कळले नाही.

त्यात भर अशी की जे पत्नीला सांगणे त्याला कमीपणाचे वाटले, ते सगळे तो आज एका परक्या सरदाराच्या सेवकाला तपशीलवार सांगत बसला आहे. वाकायचे नाही हा त्याचा अभिमान त्याच्याच बोलण्यात मोडलेला दिसतो.

ऐकणारा काहीच बोलत नाही, मग त्याच्याकडे लक्ष का द्यावे?

कारण बोलणारा त्याच्याशी कसा वागतो हे आपल्यासमोर घडत असते, तर पत्नीशी तो कसा वागला हे आपण त्याच्याच तोंडून ऐकत असतो. पहिल्याचा पडताळा दुसऱ्यासाठी वापरता येतो.

कवितेच्या सुरुवातीला ड्यूक म्हणतो, आपण बसून तिच्याकडे पाहण्याची कृपा कराल का? शेवटाकडे तो तशाच घडणीचे वाक्य पुन्हा वापरतो: आपण उठण्याची कृपा कराल का? दोन्ही वाक्ये विनंतीची आहेत आणि दोन्ही हुकूम आहेत. बसणे त्याच्या मर्जीने आणि उठणे त्याच्या मर्जीने. मधल्या काळात दूताने काही विचारले का, हेही पाहावे. अशी नजर तिच्या चेहऱ्यावर कुठून आली असे पाहणारे विचारू इच्छितात, पण त्यांचे धाडस होत नाही, आणि असे वळून विचारणारे आपण पहिलेच नाही, असे ड्यूक म्हणतो. दूताने खरोखर विचारले होते की केवळ वळून पाहिले होते, हे कवितेत कुठेच स्पष्ट होत नाही. शक्यता अशी दिसते की प्रश्नही ड्यूकनेच दूताच्या तोंडी घातला आहे, कारण त्याला उत्तर द्यायचे होते.

हुंड्याचे बोलणे झाल्यावर एक छोटासा क्षण येतो. 'नाही, आपण बरोबरच खाली जाऊ,' असे ड्यूक म्हणतो. हा नकार कशाला आहे, हे आपल्याला कल्पनेने भरून काढावे लागते. दूताने ड्यूकला पुढे जाऊ देण्यासाठी अदबीने पाऊल मागे घेतले असेल. जे ऐकले त्याने हादरून तो घाईने जिन्याकडे निघाला असेल. दोन्ही अर्थ ओळीत बसतात आणि यांपैकी एकच बरोबर आहे असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. दोन्हींतही एवढे निश्चित राहते की हालचाल दूताने सुरू केली आणि तिला वळण ड्यूकने दिले.

चित्रावरच्या पडद्याचे एवढे महत्त्व का मानले जाते?

जिवंतपणी तिचे हसू ड्यूकच्या ताब्यात नव्हते. ते सूर्यास्तालाही मिळे आणि बागेतल्या माणसालाही. आता ते चित्रात आहे, चित्रावर पडदा आहे आणि पडद्याची दोरी त्याच्या हाती आहे. तिची नजर कोणावर पडायची हे आता तो ठरवतो. पडद्याबद्दलची ही माहिती तो कंसात टाकावी तशी, जाता जाता देतो, आणि नाट्यात्म एकभाषितात जाता जाता दिलेल्या माहितीकडे अधिक रोखून पाहावे लागते, कारण तिथे बोलणारा सावध नसतो.

शेवटच्या ब्राँझच्या शिल्पाचाही याच्याशी संबंध आहे. सागरदेव नेपच्यून एका समुद्रघोड्याला माणसाळवत आहे असे ते शिल्प असून, ते इन्सब्रुकच्या क्लाउसने आपल्यासाठी घडवले आहे, असे ड्यूक सांगतो. कवितेचा अखेरचा शब्द 'माझ्यासाठी' या अर्थाचा आहे. मेलेली पत्नी आणि समुद्रघोडा यांच्याबद्दल तो एकाच सुरात बोलतो, दोन्हींच्या कारागिरांची नावे घेतो आणि दोन्ही वस्तू पाहुण्याला दाखवण्याजोग्या मानतो. पत्नीचे नाव मात्र पूर्ण कवितेत एकदाही येत नाही.

ड्यूक हे सर्व मुद्दाम सांगत असेल तर? मग 'नकळत' कसे म्हणायचे?

हा आक्षेप बिनतोड वाटतो आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये. ड्यूक मूर्ख नाही. चित्रकाराचे नाव आपण मुद्दाम घेतले असे तो स्वतःच सांगतो. त्यामुळे असे वाचन पूर्णपणे शक्य आहे की नव्या वधूने कसे वागावे, याची ताकीद तो दूतामार्फत तिच्या घरी पोहोचवत आहे. मला स्वतःला हे वाचन बरेचसे पटते.

परंतु ताकीद मुद्दाम दिली आहे असे मानले, तरी तिच्याबरोबर जे बाहेर पडले ते सगळे मुद्दाम ठरत नाही. ताकीद द्यायला आधीची पत्नी उच्छृंखल होती आणि तिचा बंदोबस्त केला, एवढे पुरे होते. खेचर पांढरी होती, फांदी चेरीची होती, गळ्यापाशी विरत जाणारी फिकट लाली कोणत्याही रंगाला पकडता येणार नाही, हे सांगायची गरज नव्हती. हे तपशील अशा माणसाचे आहेत जो तिला सतत पाहत होता, तिच्या प्रत्येक हसण्याची मनात नोंद ठेवत होता आणि ती गेल्यावरही त्या नोंदी विसरू शकला नाही. मी जवळून जाई तेव्हा ती हसे यात शंका नाही, पण तसेच हसू मिळाल्याशिवाय दुसरे तरी कोण जाई, या त्याच्या वाक्यात अधिकाराच्या भाषेखाली एक दुखावलेपण आहे. ज्या माणसाला आपण कोणापुढे वाकत नाही हे दाखवायचे आहे, त्याने हे दुखावलेपण दाखवायचे ठरवले असेल असे मला वाटत नाही.

म्हणून 'मुद्दाम की नकळत' हा प्रश्न पूर्ण भाषणाला एकदाच विचारू नये. तो वाक्यावाक्याला विचारावा.

ड्यूकने पत्नीचा खून करवला, असे खात्रीने म्हणता येते का?

कवितेत एवढेच आहे की हे वाढत गेले, मी हुकूम दिले आणि मग सगळी हास्ये एकदम थांबली. पुढच्याच श्वासात ती तिथे जिवंत असल्यासारखी उभी आहे, असे येते. पुढे ब्राउनिंग यांना याबद्दल विचारले गेले तेव्हा ते हुकूम तिला ठार मारण्याचे होते असे ते आधी म्हणाले, आणि मग तिला ख्रिस्ती जोगिणींच्या मठात बंद करून ठेवले असेल असेही शक्य आहे, अशी पुस्ती त्यांनी जोडली. कवीनेच मोकळे ठेवलेले दार वाचकाने बंद करू नये. मृत्यूची शक्यता मला अधिक जवळची वाटते, कारण 'जिवंत असल्यासारखी' हे शब्द दोनदा येतात. पण वाचनाचा भर हुकूम कोणता होता यावर न ठेवता, तो एका लहानशा वाक्यात उरकला गेला यावर ठेवावा. लालीबद्दल एवढ्या ओळी आणि माणूस संपवण्याबद्दल अर्धी ओळ, हे प्रमाणच त्याच्याविषयी पुरेसे सांगते.

यामागचा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण थोडा माहीत असल्यास बरे. कवितेमागे फेराराचा ड्यूक दुसरा आल्फोन्सो द'एस्ते असावा असे सामान्यपणे मानले जाते. त्याने 1558 मध्ये लुक्रेत्सिया दे मेदिची हिच्याशी लग्न केले आणि ती 1561 मध्ये, वयाच्या 16 व्या वर्षी वारली. विषप्रयोगाच्या अफवा उठल्या, तरी तिचा मृत्यू क्षयाने झाला असावा असे आता मानतात. 1565 मध्ये त्याने सम्राट पहिला फर्डिनांड याची मुलगी बार्बरा हिच्याशी विवाह केला. चित्रकार फ्रा पांडोल्फ आणि शिल्पकार क्लाउस हे दोघेही कवीने कल्पिलेले आहेत.

इतिहासाचा वापर एवढ्यापुरताच करावा. लुक्रेत्सिया आजाराने वारली म्हणून कवितेतला ड्यूक निर्दोष ठरत नाही, आणि कवितेतला ड्यूक क्रूर आहे म्हणून खऱ्या आल्फोन्सोवर खुनाचा आरोप सिद्ध होत नाही.

छंद आणि यमक यांवरूनही बोलणाऱ्याचा स्वभाव काढता येतो का?

काढता येतो, मात्र जपून. ही कविता दोन-दोन ओळींच्या यमकांत बांधलेली आहे, तरी मोठ्याने वाचताना यमके फारशी ऐकू येत नाहीत, कारण वाक्ये ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीच्या मध्यापर्यंत वाहत जातात. सहज वाटणाऱ्या बोलण्याखाली कडक शिस्त दडलेली आहे, असा याचा परिणाम होतो आणि तो ड्यूकच्या वागण्याला शोभतो. परंतु यमक ड्यूकने जुळवलेले नाही. तो गद्यात बोलत आहे असे प्रसंगात गृहीत आहे आणि यमक कवीचे आहे. त्यामुळे शब्दांची निवड, वाक्यातला क्रम आणि मध्येच थांबणे हा बोलणाऱ्याविरुद्धचा पुरावा मानावा, आणि छंद-यमक ही कवीने वाचकाला दिलेली खूण समजावी. या दोन थरांची सरमिसळ झाली की अर्थ ओढूनताणून काढल्यासारखा होतो.

एवढे सगळे कळूनही ड्यूकचे बोलणे ऐकावेसे वाटते. हे चुकीचे आहे का?

चुकीचे मुळीच नाही. समीक्षक रॉबर्ट लँगबॉम यांनी 1957 च्या 'द पोएट्री ऑफ एक्स्पीरिअन्स' या ग्रंथात असे मांडले की या काव्यप्रकाराचा परिणाम सहानुभूती आणि न्यायनिवाडा यांच्या ताणातून होतो. ड्यूक दोषी आहे हे ओळखणे सोपे असते; त्याच्या आत्मविश्वासाच्या, रसिकतेच्या आणि अदबशीर भाषेच्या प्रभावाखाली आपण 56 ओळी त्याला थांबवत नाही, हे अधिक विचार करण्याजोगे आहे. आपला निवाडा लिहिताना हा प्रभावही लिहावा. ज्या विवेचनात केवळ ड्यूकच्या दुष्टपणाची यादी असते, त्यात कविता अर्धीच वाचलेली असते.

बोलणारा दुष्ट नसेल तरी ही पद्धत चालते का?

चालते. इंग्रज कवी टेनिसन यांची 'युलिसिस' हीदेखील 1842 मध्येच प्रसिद्ध झाली. तिच्यातला म्हातारा वीर पुन्हा सागरावर निघण्याची उमेद बोलून दाखवतो आणि वाचकाला ती उमेद भावते. तरीही सुरुवातीलाच तो पत्नीचा उल्लेख केवळ तिच्या वार्धक्याने करतो, आणि प्रजेबद्दल म्हणतो की हे रानटी लोक साठवतात, झोपतात, खातात आणि मला ओळखत नाहीत. शेवटची तक्रार सर्वांत वजनदार आहे. आपली ओळख राहावी ही त्याची भूक तिथे दिसते आणि घरच्यांविषयीची त्याची बेपर्वाईही. यामुळे त्याचे शौर्य खोटे ठरत नाही. ते कोणाच्या जिवावर उभे आहे एवढे कळते.

आपण कवितेत नसलेले वाचत आहोत, हे कसे ओळखावे?

प्रत्येक निष्कर्षासाठी एक ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. 'ड्यूक मत्सरी आहे' या म्हणण्यासाठी हास्याविषयीच्या ओळी आहेत. 'चित्रकार आणि डचेस यांचे संबंध होते' या म्हणण्यासाठी मात्र काहीच नाही: चित्रकार हा धर्मसंघातला भिक्षू असून त्याने दिवसभर काम केले, आणि ज्या उद्गारांनी ती लाजली असे ड्यूक म्हणतो तेसुद्धा 'कदाचित' म्हणून त्याने कल्पिलेले आहेत. जो वाचक या संबंधांवर विश्वास ठेवतो, त्याने ड्यूकची शंका पुरावा म्हणून स्वीकारलेली असते.

दुसरी खूण अशी की आपला निष्कर्ष कवितेतल्या एखाद्या ओळीशी भांडत असेल, तर ती ओळ झाकून ठेवू नये. ड्यूकला पत्नीबद्दल काहीच वाटत नव्हते असे लिहायचे मनात आले, की गळ्यापाशी विरणाऱ्या लालीची ओळ पुन्हा वाचावी आणि वाक्य बदलावे. ड्यूकने तिच्यावर प्रेम केले असे लिहावेसे वाटले, तर पडद्याची ओळ वाचावी आणि ते वाक्यही बदलावे.